कोण स्वेच्छेने, कोण मोबदल्यावर : आवाहनातच लिहावे

एखाद्या ग्रंथालयाच्या तळघरात शुक्रवारी संध्याकाळी पाण्याची मोठी वाहिनी फुटली आणि खालच्या मांडण्यांवरची चार हजार पुस्तके भिजली, असे समजू. सोमवारपर्यंत थांबता येत नाही. ओल्या कागदावर उबदार, दमट हवेत साधारण अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते, आणि गुळगुळीत मुलाम्याच्या कागदावर छापलेली पुस्तके तशीच वाळली तर पाने एकमेकांना चिकटून त्यांचा ठोकळा होतो. म्हणजे जे करायचे ते शनिवार आणि रविवारीच. रात्री उशिरा सगळ्या ओळखीच्या लोकांना निरोप जातो: ‘ग्रंथालयावर संकट आहे, स्वयंसेवकांची तातडीने गरज आहे, सर्व कर्मचाऱ्यांनी आणि वाचकांनी जास्तीत जास्त संख्येने यावे, येणाऱ्यांची योग्य ती व्यवस्था केली जाईल.’

निरोप लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही त्यातल्या दोन गोष्टी पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ ठरतात. पगारी कर्मचारी आणि बाहेरचा वाचक यांना एकाच वाक्यात, एकाच शब्दाने बोलावले आहे, ही पहिली. ‘योग्य ती व्यवस्था’ या शब्दांत चहापाण्यापासून दोन दिवसांच्या मजुरीपर्यंत काहीही बसते, ही दुसरी. माझे म्हणणे असे की कोणते काम विनामोबदला आहे, कोणत्या कामाचे पैसे मिळणार आहेत आणि कोणाला फक्त खर्च भरून मिळेल, हे आवाहनाच्या पहिल्याच मजकुरात लिहिले पाहिजे. घाई आहे म्हणून हे नंतर ठरवू, असे म्हणणे मला मान्य नाही. घाई आहे म्हणूनच ते आधी ठरवावे लागते, कारण शनिवारी सकाळी ओल्या पुस्तकांच्या ढिगासमोर उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारायला ना वेळ असतो, ना मोकळीक.

वाटणी कशी करायची हे कळण्यासाठी काम जवळून पाहावे लागते. भिजलेल्या पुस्तकांचे पहिल्या काही तासांत दोन भाग करतात. नुसती कडेने दमट झालेली पुस्तके मोकळ्या हवेत वाळवता येतात. ती टेबलांवर उभी करून पाने पंख्यासारखी थोडी उघडायची, अधूनमधून टिपकागद घालायचे, ते ओले झाले की बदलायचे आणि खोलीत हवा खेळती ठेवायची. पुरती भिजलेली पुस्तके मात्र गोठवून ठेवणेच शहाणपणाचे असते. गोठवल्याने पुस्तक वाळत नाही, पण बुरशीची वाढ थांबते आणि पुढे काय करायचे ते ठरवायला काही महिने मिळतात. त्यासाठी प्रत्येक पुस्तक मेणकागदात गुंडाळून, कणा खाली येईल असे प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एकाच थरात ठेवतात. मिटलेले ओले पुस्तक उघडायचे नसते आणि उघडे पडलेले जबरदस्तीने मिटायचे नसते.

चार हजारांपैकी सहाशे पुस्तके दमट आणि तीन हजार चारशे पुरती भिजलेली निघाली, असे धरू. एका क्रेटमध्ये पंधरा पुस्तके गेली तर सव्वादोनशेहून थोडे अधिक क्रेट भरायचे आहेत. ओल्या पुस्तकांचा असा एक क्रेट पंधरा किलोच्या आसपास भरतो. दोघांची जोडी तासाला चार क्रेट भरते असे मानले, तर सहा जोड्यांना साधारण दहा तास लागतात. याखेरीज तळघरातून वर आणणारी माणसांची रांग, वाळवणीच्या टेबलांजवळची माणसे, कोणत्या क्रेटमध्ये कोणती पुस्तके गेली याची नोंद ठेवणारे, ओल्या तळघरातली वीज सुरक्षितपणे बंद करून वरच्या मजल्यावर पंख्यांसाठी ती पुरवणारा वीजतंत्री, शीतगाडीचा चालक, रात्रभर पंख्यांवर आणि खोलीतल्या दमटपणावर लक्ष ठेवणारा, आणि कोणते पुस्तक वाचवायचे, कोणते सोडून द्यायचे हे ठरवणारा जतनतज्ज्ञ, इतकी माणसे लागतात.

ही सगळी कामे ‘मदत’ या एका शब्दाखाली येत नाहीत. त्यांची विभागणी करताना मी एकच प्रश्न विचारीन: हा माणूस दुपारी दोन वाजता कोणतेही कारण न सांगता घरी निघून गेला, तर काय होईल? गुंडाळणाऱ्या जोडीतला एक गेला तर वेग कमी होईल, काम चालू राहील. रांगेतला एक गेला तर उरलेले थोडे जवळ सरकतील. पण नोंदवहीवाला गेला, तर सोमवारी शीतगृहात दोनशेहून अधिक निनावी क्रेट असतील आणि एखादे दुर्मीळ पुस्तक शोधायचे म्हणजे सगळे उघडावे लागतील. रात्रीचा राखणदार गेला आणि पंखे बंद पडले, तर वाळत ठेवलेली सहाशे पुस्तके सकाळपर्यंत पुन्हा धोक्यात येतील. वीजतंत्री अर्ध्यावर गेला, तर माणसांच्या जिवाला धोका आहे. ज्याला जाऊ देणे परवडत नाही, त्याच्याशी संस्थेचा करार असायला हवा आणि त्या कराराचा मोबदला असायला हवा. मोबदला हातांच्या हालचालीचा नसतो, तो मुख्यतः बांधिलकीचा असतो: ठरल्या वेळी येण्याचा, ठरल्या वेळेपर्यंत थांबण्याचा आणि चुकल्यास उत्तर देण्याचा. स्वयंसेवकाकडे निघून जाण्याचा हक्क खरोखर असेल, तरच तो स्वयंसेवक असतो. तो हक्क कागदावर देऊन प्रत्यक्षात वापरू न देणे म्हणजे फुकट नोकरी करवून घेणे होय.

अशा प्रसंगांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून फ्लॉरेन्सचे नाव नेहमी घेतले जाते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर शहरात शिरला आणि तिथल्या राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालयातले लाखो ग्रंथ व कागदपत्रे चिखलात बुडाली. ठिकठिकाणांहून आलेल्या तरुणांनी रांगा करून हातोहात पुस्तके बाहेर काढली, आणि पुढे ते ‘चिखलातले देवदूत’ म्हणून ओळखले गेले. त्यांचे योगदान मोठेच होते. पण त्या कथेचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. पुस्तके बाहेर काढल्यावर ती धुणे, सुटी करणे, वाळवणे आणि पुन्हा बांधणे हे काम पीटर वॉटर्स यांच्यासारख्या व्यावसायिक बांधणीकारांनी आणि जतनतज्ज्ञांनी उभे केले, आणि ते वर्षानुवर्षे चालले. उत्साही हातांनी जे वाचले, त्याचे पुढे काय करायचे हे ठरवायला कौशल्याचे हात लागले. त्या हातांना त्यांचा मोबदला देणे ही देवदूतांची अवहेलना ठरत नाही.

आता सर्वांत नाजूक भाग, म्हणजे संस्थेचे स्वतःचे कर्मचारी. माझे मत इथे बरेच कडक आहे. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याला शनिवार-रविवारी ग्रंथालयाच्याच कामासाठी बोलावले, तर ते कामच आहे आणि त्याचा जादा वेळेचा मोबदला किंवा तितकी बदली सुट्टी ठरलेली असली पाहिजे, मग तो कर्मचारी स्वतः कितीही आनंदाने आलेला असो. कारण साधे आहे. निरोप पाठवणारा माणूसच त्याची वार्षिक बढतीची शिफारस लिहिणारा असतो. ‘यायचे की नाही हे पूर्णपणे तुमच्यावर आहे’ असे त्याने लिहिले, तरी न आलेल्यांची यादी त्याच्या मनात आपोआप तयार होते, आणि ती होते हे दोघांनाही ठाऊक असते. घरी आजारी आई असलेल्या बाईने ‘मला जमणार नाही’ असे उत्तर लिहिताना तीनदा विचार करावा लागत असेल, तर तिच्यापुरती ती स्वेच्छा उरलेली नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की कर्मचाऱ्यांनाच मनापासून द्यायचे असेल तर आपण त्यांना का अडवावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८५ मध्ये हाच प्रश्न एका वेगळ्या रूपात आला होता. टोनी आणि सुझन अलामो फाउंडेशन ही धार्मिक संस्था अनेक व्यापारी उद्योग चालवत असे. त्यांत राबणाऱ्यांना पगार नव्हता, जेवण, कपडे आणि निवारा मिळत असे. आपण स्वेच्छेने काम करतो, आपल्याला वेतन नको, असे त्यांच्यापैकी काहींनी साक्षीत स्वतःच सांगितले. तरीही वेतनविषयक कायद्याचे संरक्षण त्यांना लागू आहे, असा निकाल न्यायालयाने दिला. त्यामागचे एक कारण मला निर्णायक वाटते: ‘मी स्वेच्छेने करतो’ एवढे म्हटल्याने संरक्षण सुटत असेल, तर वरचढ बाजूचा मालक आपल्या माणसांकडून तेच म्हणवून घेईल. ग्रंथालय हे व्यापारी उद्योग नव्हे आणि ग्रंथपाल हा वेठीला धरणारा मालक नव्हे, हे मला मान्य आहे. पण सत्तेचा उतार दोन्हीकडे त्याच दिशेचा आहे, म्हणून कर्मचाऱ्याच्या होकाराला बाहेरच्या वाचकाच्या होकाराइतके वजन देता येत नाही.

त्याच निकालातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मोबदला नेहमी नोटांच्याच रूपात येतो असे नाही. ‘दोन दिवस काम करणाऱ्यांचा पुढच्या भरतीत प्राधान्याने विचार होईल’ असे आवाहनात लिहिले, तर ते आश्वासन हाच मोबदला झाला, आणि तोही असा की ज्याला नोकरीची सर्वांत जास्त गरज आहे, तोच त्यापुढे सर्वांत कमी स्वतंत्र असतो. विद्यार्थ्यांना हजेरीचे किंवा अंतर्गत गुणांचे आमिष दाखवणेही याच जातीचे. गुण देणारच असाल, तर तो अभ्यासक्रमाचा भाग आहे असे स्पष्ट लिहावे आणि न येणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढेच गुण मिळवण्याचा दुसरा मार्ग ठेवावा. आभाराचे पत्र, कामाच्या जागी जेवण, येण्याजाण्याचा खर्च यांना मात्र मी मोबदला मानणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पुढाकाराने भरणाऱ्या श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ मध्ये स्वयंसेवेची जी व्याख्या केली, तीत विनावेतन आणि विनासक्ती असे दोन्ही निकष आहेत. जेवण, प्रवास किंवा लहानशी भेट मिळाल्याने काम स्वयंसेवेतून बाहेर पडत नाही, हेही तिथे मान्य केले आहे. थोडी रोख मदतसुद्धा चालते, पण ती स्थानिक बाजारातल्या मजुरीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असावी, अशी मर्यादा तिथे आहे.

ही रोख मदत व्याख्येत बसत असली, तरी मी ती देऊ नये असेच सुचवेन. कार्यकर्त्यांच्या सभेत नेहमी कोणीतरी म्हणते की प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवू या, निदान मानधन म्हणून. भावना चांगली आहे, पण परिणाम उलटा होण्याचा संभव मोठा आहे. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकीनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात शाळकरी मुलांना घरोघरी देणग्या गोळा करायला पाठवले होते. एका गटाला काहीच पैसे नव्हते, दुसऱ्याला गोळा झालेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के इतके पैसे मिळणार होते, आणि तेही देणगीतून कापून नव्हे. सर्वांत जास्त देणगी विनामोबदला गटाने जमवली, सर्वांत कमी एक टक्केवाल्यांनी. एका प्रयोगावरून सार्वत्रिक नियम काढू नये, पण दिशा ओळखीची आहे. किरकोळ रक्कम हातावर पडताच माणूस आपल्या वेळेची किंमत मोजू लागतो आणि ती फार कमी ठरली आहे असे त्याच्या लक्षात येते. म्हणून द्यायचे तर कामाच्या योग्य दराने द्यावे, नाहीतर काहीच न देता फक्त खर्च भरून द्यावा, तोही पावतीप्रमाणे. ठोक रक्कम दिली की पायी आलेल्याला तोच खर्च मजुरी वाटू लागतो.

खरा विरोध मात्र वेगळ्या ठिकाणाहून येतो. एकाच टेबलाशी बसून एकाच तऱ्हेने पुस्तके गुंडाळणाऱ्या दोघांपैकी कर्मचाऱ्याला पैसे मिळतात आणि वाचकाला मिळत नाहीत, हे उघड लिहिले तर वाचक नाराज होतील, तेव्हा न लिहिलेलेच बरे, असे म्हणणारे लोक अनुभवी असतात आणि त्यांची भीती खोटी नसते. पण ही माहिती लपून राहत नाही. शनिवारी दुपारच्या जेवणात कर्मचारी सहज म्हणतो की हे दोन दिवस पुढच्या महिन्यात धरले जातील, आणि शेजारच्या वाचकाला वाटते की आपल्यापासून काहीतरी दडवले गेले. आवाहनात कारणासह आधीच लिहिलेले असते, तर तोच वाचक ते जाणूनच आला असता, किंवा आला नसता. त्याचे न येणे हेही त्याचे उत्तर आहे आणि ते शुक्रवारी कळलेले संस्थेच्या सोयीचे असते. कोणी येणारच नाही अशी भीती असेल, तर मग प्रश्न माणसांना पटवण्याचा राहत नाही, पैसे उभे करण्याचा किंवा कमी पुस्तके वाचवण्याचा होतो.

पैशांची मंजुरी रात्री अकरा वाजता कोण देणार, हा आक्षेपही रास्त आहे. त्याचे उत्तर आधीच्या शांत दिवसांत द्यावे लागते. आपत्तीच्या योजनेत वाळवण्याची जागा, शीतगृहाचा क्रमांक आणि वीज बंद करण्याचे ठिकाण लिहितात, त्याच पानावर जादा कामाचा दर आणि ग्रंथपालाला स्वतःच्या अधिकारात खर्च करता येईल अशी रक्कम लिहून ठेवावी. तसे केलेले नसेल, तर निदान जे ठरलेले नाही त्याचे आश्वासन देऊ नये. ‘पैशांचे नंतर बघू’ हे वाक्य ऐकणारा ते होकार म्हणून ऐकतो आणि बोलणारा ते काहीच न बोलल्यासारखे विसरतो.

मजकूर कसा असावा, हे सांगितल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. मी तो साधारण असा लिहीन: ‘ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरून सुमारे चार हजार पुस्तके भिजली आहेत. ती शनिवार आणि रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत बाहेर काढून, गुंडाळून गोठवणीसाठी पाठवायची आहेत. पुस्तके वर आणणे, गुंडाळणे आणि वाळत घालणे या कामांसाठी वाचक व नागरिकांपैकी चोवीस स्वयंसेवक हवेत. हे काम विनामोबदला आहे. जेवण ग्रंथालय देईल, प्रवासखर्च पावतीप्रमाणे मिळेल. कमीत कमी वेळेची अट नाही, केव्हाही येता व जाता येईल. क्रेट जड असतात आणि जमीन ओली आहे, त्यामुळे पाठीचा किंवा श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी उचलण्याचे काम घेऊ नये. हातमोजे व मुखपट्ट्या आम्ही देऊ आणि कामावर इजा झाल्यास उपचारांचा खर्च ग्रंथालय करील. ग्रंथालयाचे कर्मचारी, वीजतंत्री, वाहनचालक, रात्रीचे राखणदार आणि जतनतज्ज्ञ हे नेमून दिलेल्या जबाबदारीवर असल्याने त्यांना ठरल्या दराने मोबदला किंवा बदली सुट्टी दिली जाईल. कर्मचाऱ्यांना वेगळा निरोप पाठवला आहे.’

यातला शेवटचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कर्मचाऱ्यांचा निरोप वेगळा असला म्हणजे त्यात दर, तास, बदली सुट्टी कधीपर्यंत घेता येईल आणि नकार कोणाला कळवायचा हे सगळे लिहिता येते. शक्य असेल तर नकार थेट वरिष्ठाला न कळवता आस्थापना विभागाकडे जावा, आणि वरिष्ठाला केवळ येणाऱ्यांची नावे मिळावीत. इजेबद्दलची ओळ लिहिण्यापूर्वी विम्याची कागदपत्रे उघडून बघावीत, कारण पुष्कळ विमापत्रांत कर्मचारी येतात आणि बाहेरचे मदतनीस येत नाहीत. तसे असेल, तर त्या दोन दिवसांपुरते संरक्षण वाढवून घ्यावे, आणि ते मिळेपर्यंत बाहेरच्या माणसांना तळघरात उतरवू नये, वरच्या मजल्यावरच्या टेबलांवरच काम द्यावे. पाण्यात सांडपाणी मिसळले असल्याची शंका असेल, तर स्वयंसेवकांना बोलावूच नये. ते प्रशिक्षित आणि पगारी पथकाचे काम आहे, मग पुस्तके काही कमी वाचली तरी चालतील.

वाटणी चुकली आहे हे ओळखण्याच्या खुणा शनिवारी दुपारपर्यंत दिसू लागतात. एखाद्या स्वयंसेवकाला ‘तू गेलास तर आमचे कसे होणार’ असे म्हणून थांबवले जात असेल, तर ती जागा पगारी असायला हवी होती. कोणी चुकून पुस्तक उघडले म्हणून त्याला रागावले जात असेल, तर त्याला शिकवायला नेमलेला माणूस कमी पडतो आहे. तेच चार चेहरे सकाळपासून न थकल्याचा आव आणत उभे असतील आणि विश्रांतीची वेळ कोणी ठरवलेली नसेल, तर स्वयंसेवेच्या नावाखाली पाळी चालू आहे. अशा वेळी माणूस बदलावा, कामाची जागा बदलावी किंवा तिथल्या तिथे त्याच्याशी मोबदला ठरवून तो लिहून घ्यावा. काम उरकल्यानंतर खूश होऊन काही निवडक लोकांना पाकीट देणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग आहे. ज्याला मिळाले त्याचे देणे त्याने न मागता मजुरी ठरते, आणि ज्याला मिळाले नाही त्याला आपले काम कमी प्रतीचे ठरवल्यासारखे वाटते.

रविवारी संध्याकाळी शेवटचा क्रेट शीतगाडीत गेला की तातडी संपते, काम संपत नाही. गोठवलेली पुस्तके निर्वात वाळवणीसाठी पाठवायची, परत आलेली तपासायची, बांधणी दुरुस्त करायची, नोंदी जुळवायच्या, यात महिने जातात. नेमक्या याच वळणावर पुष्कळ संस्था त्या दोन दिवसांतल्या सर्वांत मेहनती स्वयंसेवकाला फोन करतात, आणि तो दर शनिवारी येऊ लागतो. शनिवार-रविवारच्या निकडीसाठी दिलेला होकार या पुढच्या कामाला लागू होत नाही. महिनाभर दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलाशी, कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करायचे असेल, तर ते पद आहे. त्याची जाहिरात द्यावी, दर लिहावा, आणि त्या मेहनती माणसाला इतरांबरोबर अर्ज करू द्यावा.